वरून काळं, आतून कच्चं

भरीत बिघडतं ते बहुतेक वेळा फोडणीत नाही, त्याच्या आधीच, वांगं भाजताना. साल काळी ठिक्कर झाली, घरभर खमंग वास सुटला, म्हणून वांगं उतरवलं जातं. सोलायला घेतलं की देठाजवळचा भाग पांढरट आणि दडस निघतो. तो चमच्याने कितीही चेपला तरी मऊ होत नाही आणि भाकरीच्या घासाबरोबर कचकच लागतो. ओव्हनमध्ये नेमकं उलटं होतं. पाऊण तास झाला तरी साल जांभळीच दिसते, म्हणून वांगं आणखी ठेवलं जातं. आतला गर मात्र केव्हाच शिजलेला असतो आणि हळूहळू सुकत जातो. वांगं तेच, भरीतही तेच. पण गॅसवर साल एक सांगते आणि ओव्हनमध्ये दुसरंच. दोन्हीकडे साल कशी वाचायची, हे कळलं की मिनिटं पाठ करावी लागत नाहीत.

त्यासाठी आधी वांग्याच्या आत काय असतं ते बघू. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तरी कापल्यावर ते काकडीसारखं पाणीदार दिसत नाही. गर स्पंजासारखा असतो, पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा भरलेली असते. ही हवा उष्णता आत जाऊ देत नाही. त्यामुळे पहिली आठ-दहा मिनिटं वांगं ढिम्म हलत नाही. चिमट्याने दाबलं तर टणकच लागतं. मग बाहेरच्या थरातल्या पेशी फुटतात, त्यांतलं पाणी सुटतं, हवा निघून जाते आणि गर खाली बसायला लागतो. एकदा हे सुरू झालं की पुढचं काम झपाट्याने होतं. आपण म्हणतो ना, ‘वांगं बसलं’, ते याच क्षणी.

दुसरी गोष्ट आचेची. गरात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. गॅसची ज्योत हजार अंशांच्या वर असते, तरी आतला गर शंभराशीच अडकून राहतो. आच मोठी केली तर साल लवकर जळते, गर मात्र जवळपास त्याच्या वेळेनेच शिजतो. म्हणून भराभर होण्यासाठी गॅस मोठा करणं हाच अर्धकच्च्या भरिताचा सरळ रस्ता आहे. वेळ ठरतो तो वजनापेक्षा जाडीवर. वांग्याची जाडी दीडपट झाली की भाजायचा वेळ दुपटीच्या आसपास जातो. आठशे ग्रॅमचं एक गरगरीत वांगं घेण्याऐवजी चारशेची दोन घ्यावीत, असं मी बाजारात प्रत्येकाला सांगते ते यासाठीच. तेवढंच भरीत होतं, आणि दोन बर्नरवर दोन्ही एकदम भाजली तर वेळही वाचतो.

वांगं निवडताना साल तकतकीत हवी, दाबल्यावर किंचित दबून परत वर यायला हवी. आकाराच्या मानाने हलकं वाटेल ते घ्यावं. जड वांग्यात बहुतेकदा बिया जून झालेल्या असतात आणि त्या भरितात कडवट लागतात. सालीवर बारीक भोक दिसलं तर ते वांगं बाजूला ठेवावं, आत अळी गेलेली असते. भोक दिसलं नाही तरी भाजण्यापूर्वी एका बाजूने लांब चीर देऊन आत डोकवावं. भाजल्यावर गर तपकिरी होतो, तेव्हा अळी काय आणि बी काय, ओळखू येत नाही. या चिरेचा आणखी एक उपयोग आहे: आत तयार होणाऱ्या वाफेला वाट मिळते. अखंड सालीचं वांगं ओव्हनमध्ये फुटून सगळीकडे गर उडाल्याची उदाहरणं आहेत, गॅसवरही ते फटकन उलतं. चीर द्यायची नसेल तर काट्याने सहा-सात ठिकाणी तरी टोचून घ्यावं. देठ मात्र कापू नये. भाजताना धरायला आणि नंतर सोलायला तोच हँडल असतो.

आता चारशे ग्रॅमचं, मधोमध साधारण नऊ सेंटिमीटर जाडीचं एक वांगं घेऊ आणि ते गॅसवर पूर्ण भाजून बघू. सालीला अगदी नावाला तेल चोळायचं. तेलाने साल सारखी भाजते आणि पापुद्रा सहज सुटतो. जास्त झालं तर ते ज्योतीवर ठिबकून भडका उडतो. बर्नर मध्यम आणि ज्योत निळी हवी. बर्नरची छिद्रं बुजलेली असली की ज्योत पिवळी येते आणि तिची काजळी सालीवर बसते. ती काजळी भरिताच्या धुरकट चवीशी काही संबंध नसलेली, नुसती कडू असते. म्हणून वांगं ठेवण्याआधी ज्योतीकडे एकदा बघावं. पापड भाजायची जाळी असेल तर ती बर्नरवर ठेवावी, म्हणजे ज्योत सालीला सगळीकडून सारखी लागते आणि सुटलेला रस थेट छिद्रांत जात नाही.

पहिली चार मिनिटं वांगं हलवायचं नाही. साल आधी आपली चकाकी घालवते, मग जांभळ्याची तपकिरी होते, मग बारीक चट्‌चट्‌ आवाज येतो आणि काळे ठिपके दिसू लागतात. चार मिनिटांनी देठाला धरून पाव वळसा द्यायचा. अशा चार बाजू, चार-चार मिनिटं, म्हणजे सोळा मिनिटं. तिसऱ्या वळशाला चिरेतून रस बुडबुडताना दिसतो आणि वांगं जाळीवर थोडं पसरट होतं. पुष्कळ जण इथेच थांबतात, कारण एव्हाना साल पुरती काळी झालेली असते. थांबायचं नाही. दोन भाग अजून उरलेले असतात. एक म्हणजे खालचं फुगीर टोक. वांगं चिमट्याने उभं धरून ते दोन मिनिटं ज्योतीवर ठेवायचं. दुसरा आणि खरा अवघड भाग म्हणजे देठालगतची मान. तिथे गर घट्ट असतो, वरून देठाची टोपी असते आणि वांगं आडवं ठेवलं की हा भाग बहुधा ज्योतीच्या बाहेर राहतो. वांगं सरकवून मान बर्नरच्या बरोबर मध्यावर आणायची आणि फिरवत-फिरवत तीन-चार मिनिटं भाजायची. सगळं मिळून वीस ते बावीस मिनिटं.

झालं की नाही, हे बघायचं ते मानेवरच. सुरीचं टोक देठाच्या बोटभर खाली घालायचं. लोण्यात जावी तशी सुरी गेली आणि बाहेर काढताना अडली नाही, तर वांगं झालं. मध्यभागी सुरी घालून बघण्यात अर्थ नाही, तिथे ती चौदाव्या मिनिटालाही सहज जाते. दुसरी खूण हाताची. चिमट्याने मधोमध दाबलं की दोन्ही बाजू जवळजवळ एकमेकींना टेकायला हव्यात आणि सोडल्यावर वांगं परत फुगायला नको. फुगलं तर स्पंज अजून शिल्लक आहे. तिसरी खूण सालीची: कागदासारखी सुटी झालेली, जागोजाग तडकलेली, कडांना राखाडी. नुसती काळी पण अंगाला घट्ट चिकटलेली साल ही मोठ्या आचेची खूण आहे, शिजल्याची नव्हे.

भरिताला धुराची जी चव येते ती गॅसमधून येत नाही. गॅस निळ्या ज्योतीने जळतो तेव्हा त्याला स्वतःचा धूर असा नसतोच. जळते ती साल, आणि जळतो तो तिच्यावर ओघळलेला रस. त्या धुरातले वासाचे पदार्थ चिरेतून, तडकलेल्या सालीतून गरात शिरतात. म्हणूनच साल जळाल्याशिवाय भरिताचा वास येत नाही, आणि म्हणूनच भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलू नये. ती चव सालीलगतच्या पातळ तपकिरी थरात असते, पाण्याबरोबर पहिल्यांदा तीच वाहून जाते. वांगं उतरवल्यावर झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवावं. आतल्या वाफेने साल मोकळी होते आणि मानेत एखादा कण कच्चा राहिला असेल तर तोही शिजतो. मग शेजारी पाण्याची वाटी ठेवून त्यात बोटं बुडवत-बुडवत साल काढावी. चार-दोन काळे कण राहिले तर राहू द्यावेत.

ओव्हनची गोष्ट वेगळी. तिथे वांग्याभोवती दोनशे-सव्वादोनशे अंशांची गरम हवा असते, ज्योतीच्या मानाने फारच सौम्य. ही उष्णता सालीला जाळण्याइतकी तीव्र नसते, पण सगळ्या बाजूंनी एकदम आणि सारखी लागते. ज्योतीला वांगं फिरवून-फिरवून दाखवावं लागतं, तसं इथे काही करावं लागत नाही. मानेलाही फुगीर टोकाइतकीच आच मिळते. ओव्हनमधलं वांगं अर्धकच्चं राहण्याची शक्यता कमी असते, हा त्याचा मोठा गुण.

तेच चारशे ग्रॅमचं वांगं आता ओटीजीत घालू. वरखाली दोन्ही रॉड चालू करून २२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ओव्हन तापू द्यायचा. गार ओव्हनमध्ये ठेवलेलं वांगं पहिली दहा मिनिटं नुसतं कोमट होत राहतं आणि सगळा हिशेब चुकतो. वांगं टोचून, चीर देऊन, तेलाचा हात लावून ट्रेवर मधल्या खणात ठेवायचं, चीर वरच्या बाजूला. पंचवीस मिनिटांनी कडेवर वळवायचं. एकूण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान वीस अंशांनी कमी ठेवावं.

इथे सालीच्या काळेपणाची वाट बघायची नाही, ती काळी होणारच नाही. बघायचं ते वांग्याचं अंग. आधी ते गोल, ताठ असतं. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास ते ट्रेवर बसतं, बाजू आत ओढल्या जातात, साल सुरकुतते आणि गरापासून सुटून मधे पोकळी दिसते. ट्रेवर ओघळलेला रस तपकिरी, चिकट होतो आणि त्याला गोडसर वास येतो. मानेत सुरी घालायची परीक्षा इथेही तीच. ती पार पडली की वांगं बाहेर काढावं, किंवा पुढची पायरी करावी. आणखी वीस मिनिटं ठेवून काहीच मिळत नाही, गर तेवढा दोऱ्यासारखा होतो.

पुढची पायरी म्हणजे ग्रिल. खालचा रॉड बंद करून फक्त वरचा चालू ठेवायचा, तापमान असेल तेवढं जास्त करायचं आणि ट्रे सगळ्यांत वरच्या खणात सरकवायचा. पाच ते आठ मिनिटांत वरची साल फुगते, तडकते, काळी पडते. मग वांगं उलटून तेवढाच वेळ दुसरी बाजू. या वेळी ओव्हनसमोरून हलायचं नाही. याने धुराची चव येते, पण ज्योतीच्या निम्म्यानेही नाही, हे कबूल करायला हवं. ज्यांच्या घरी नुसता इंडक्शन आहे, किंवा परदेशात ज्यांना काचेच्या सपाट विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करावा लागतो, त्यांना मात्र हाच मार्ग. तिथल्या बाजारातली जाड सालीची टपोरी वांगी पाचशे-सहाशे ग्रॅमची असतात, त्यांना तासभर धरावा. त्याऐवजी लांबट, सडपातळ वांगी मिळाली तर ती अर्ध्या तासात होतात.

ग्रिल करूनही धूर कमी वाटला तर धुंगार देता येतो. गर मोठ्या पातेल्यात काढायचा, मध्ये एक स्टीलची वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच घट्ट झाकण. दोन-तीन मिनिटं पुरतात, त्याहून जास्त ठेवलं तर घशाशी येतं. मला स्वतःला धुंगाराचं भरीत थोडं वेगळं लागतं. त्यात कोळशाचा आणि तुपाचा धूर असतो, जळलेल्या सालीचा नसतो. तरी नुसत्या ओव्हनच्या भरितापेक्षा ते नक्कीच बरं. वांगं अर्धं कापून, कापलेली बाजू खाली ठेवून भाजायची पद्धतही आहे, तीस-पस्तीस मिनिटांत होतं. गर छान गोडसर लागतो, पण उघड्या गराचं पाणी उडून तो तव्यावरच्या कापासारखा भाजतो. भरिताचा मऊ, ओलसर पोत त्यात राहत नाही. भरितासाठी मी ती पद्धत सुचवणार नाही.

भाजण्याची पद्धत भरिताच्या जातीप्रमाणेही निवडावी. खानदेशात भरीत म्हणजे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या आणि आसपासच्या हिरवट-पांढऱ्या, मोठ्या, कमी बियांच्या वांग्यांचं त्यासाठी नाव आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काड्यांचा जाळ भसकन पेटतो आणि चहूबाजूंनी वेढतो, त्यामुळे त्यात ज्योतीचा धूर आणि ओव्हनची सगळीकडून लागणारी आच दोन्ही एकत्र येतात. तिथे भाजलेला गर लाकडी भांड्यात ठेचतात, मग त्यात तेलावर परतलेली हिरवी मिरची आणि लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडते. इतक्या तिखट-तेलाच्या साथीला धुराची चव ठळकच हवी, तेव्हा शहरात हे भरीत करताना गॅसच वापरावा. हिरवट वांग्याची साल आधीपासून फिकट असल्याने तिच्यावर काळेपणा लवकर उठून दिसतो आणि फसगत जास्त होते. मानेची परीक्षा तिथे अजिबात चुकवू नये.

दह्यातलं भरीत याच्या उलट. त्यात गर पुन्हा चुलीवर चढत नाही. दही, मीठ, साखर, कांदा, वरून हिंग-मोहरीची फोडणी, की झालं. म्हणजे वांग्यात जे कच्चं राहिलं ते ताटात कच्चंच येतं. इथे ओव्हनचा सारखा शिजलेला, सौम्य, गोडसर गर फार शोभतो, आणि धूर कमी असला तरी दह्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा करतात, चातुर्मासात सोडलेलं वांगं कित्येक घरांत त्या दिवशी पुन्हा पानात येतं. अशा दिवशी माणसं जास्त असतात आणि चार-पाच वांगी एकामागून एक गॅसवर फिरवत बसायला दीड तास जातो. ओव्हनच्या ट्रेवर ती सगळी एकदम मावतात.

सोलल्यावर कच्चा भाग सापडलाच तर फेकून देऊ नये. साल निघालेला गर परत ज्योतीवर धरता येत नाही, म्हणून पांढरट दिसणारे तुकडे वेगळे काढून बारीक चिरावेत आणि फोडणीच्या भरितासाठी आधी तेच कढईत घालून, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं शिजवावेत. मग बाकीचा गर घालावा. दह्यातल्या भरितासाठी हेच तुकडे मायक्रोवेव्हमध्ये झाकून दोन-तीन मिनिटं ठेवले तरी मऊ होतात. गर सोलून चाळणीत ठेवला की खाली तपकिरी पाणी साठतं. ते ओतून देण्याआधी चाखावं. वांगं कोवळं असेल तर त्यात धुराची आणि वांग्याची सगळी चव उतरलेली असते, ते फोडणीत आटवून घ्यावं. बिया जून असतील तर ते कडू लागतं. मग टाकलेलं बरं.

आठ-दहा माणसांचं भरीत असेल तर मी दोन्ही पद्धती जोडते. चार वांगी ओव्हनमध्ये २२० अंशांवर पस्तीस मिनिटं, म्हणजे गर जवळजवळ शिजलेला आणि साल अजून अखंड. मग एकेक वांगं जाळीवर, मोठ्या ज्योतीवर, सगळ्या बाजूंनी मिळून चार-पाच मिनिटं. एकट्या गॅसवर मोठी आच घातक असते, कारण गर कच्चा असताना साल जळून जाते. इथे गर आधीच झालेला असतो आणि ज्योतीला फक्त साल जाळायची असते. ओव्हनमधून काढलेलं वांगं लिबलिबीत असतं, ते देठाला धरून उचललं तर देठ हातात येऊन वांगं खाली पडतं. म्हणून खालून उलथनं आणि वरून चिमटा लावून उचलावं, आणि जाळीवर ठेवल्यावर न उचलता गडगडवत फिरवावं.